आधी सुई, मग तांदूळ

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिणेकडच्या माडिया पाड्यांवर लेकराला ताप भरला की पहिलं बोलावणं जातं ते पुजाऱ्याला. देव करणारा, तांदळाचे दाणे टाकून दुखण्याचं मूळ शोधणारा, जंगलातल्या झाडपाल्याची माहिती असणारा तो गावातला माणूस. दवाखाना नाल्यापलीकडे काही किलोमीटरवर असतो आणि पावसाळ्यात तो नाला दिवसेंदिवस उतरत नाही. पुजारी मात्र चार घरं पलीकडे राहतो. तो घरच्यांची भाषा बोलतो, मध्यरात्री हाक मारली तरी उठून येतो आणि उजाडेपर्यंत पोराच्या उशाशी बसतो. अशा माणसाला आई पहिल्यांदा बोलावते यात तिचं अडाणीपण शोधायचं कारण नाही.

तिथे येणारा डॉक्टर बहुतेक वेळा नुकताच एमबीबीएस झालेला असतो आणि बॉण्डचं एक वर्ष भरायला आलेला असतो. माडिया भाषा त्याला येत नाही. पुजारी म्हणजे पोरांच्या जिवाशी खेळणारा माणूस, असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. पुजाऱ्यालाही अनुभव असतो, की असे डॉक्टर येतात, आरडाओरडा करतात आणि वर्षभरात बदलून जातात. दोघांच्या मध्ये तापाने फणफणलेलं एक लेकरू असतं. त्याच्या रक्तात काय चाललंय याचं घड्याळ या दोघांच्या रागलोभासाठी थांबत नाही.

अशाच एका तापाची ही गोष्ट. यातली माणसं आणि गाव कल्पनेतलं आहे. ताप, तपासणी, औषधं आणि त्यांच्या मात्रा मात्र खऱ्या आहेत, आणि गोष्टीत जे चुकतं ते प्रत्यक्षात असंच चुकतं.

दुसऱ्या दिवशीचा उतार

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. धानाच्या लोंब्या भरत आल्या होत्या आणि रानडुकरं राखायला माणसं रात्री शेतातल्या झोपड्यांत निजत होती. तीन वर्षांची, अकरा किलो वजनाची एक मुलगी आईबापांबरोबर शेतावर निजायची. सरकारी मच्छरदाणी घरी खुंटीला टांगलेली होती.

एका संध्याकाळी मुलगी कुडकुडायला लागली आणि रात्री अंग चुलीसारखं तापलं. पुजारी आला. त्याने सुपात तांदळाचे दाणे टाकले, जोड्या लावून मोजले, घरच्या देवाला काही राहिलं असल्याचं सांगितलं. मग भुईनिंबाचा कडू काढा दोन-तीन चमचे पाजला. पहाटे मुलीला दरदरून घाम आला. दुपारी ती अंगणात कोंबडीच्या पिल्लामागे धावत होती. घरच्यांना वाटलं, देव मानला. पुजाऱ्यालाही तसंच वाटलं, आणि यात त्याची लबाडी काही नव्हती.

मलेरियात नेमकं इथेच फसायला होतं. डासाच्या दंशातून आलेले परजीवी आधी काही दिवस यकृतात वाढतात, मग रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात. पेशीत त्यांची संख्या वाढते, पेशी फुटते आणि नवे परजीवी पुढच्या पेशींत घुसतात. हे चक्र साधारण ४८ तासांचं असतं. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप चढतो आणि नंतर घाम येऊन उतरतो. उतार पडला त्या दुपारीही रक्तातल्या परजीवींची संख्या वाढतच असते. पुजाऱ्याचा काढा, बापाचा नवस, शेजारणीने दिलेली तापाची गोळी, यांतलं जे काही त्या पहाटे दिलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. तापाच्या पहिल्या रात्री काहीही केलं तरी ते लागू पडल्यासारखं दिसतं, म्हणून पिढ्यानपिढ्यांच्या अनुभवाचीही इथे फसगत होते.

गडचिरोलीत आढळणारा मलेरिया बहुतांशी फाल्सिपॅरम जातीचा असतो आणि मारणारी जात हीच. तिचे परजीवी ज्या पेशीत असतात ती पेशी चिकट होते आणि बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसते. मेंदूतल्या वाहिन्या अशा तुंबल्या की झटके येतात, शुद्ध हरपते. शिवाय रक्तातली साखर झपाट्याने खाली येते आणि पेशी फुटून फुटून अंगातलं रक्त कमी होतं. मोठ्या माणसाला हे सगळं व्हायला काही दिवस लागतात. लहान लेकराच्या बाबतीत पहिल्या तापापासून मरणापर्यंत दोन-तीन दिवसही पुरतात.

पिवळं पाकीट

तिसऱ्या दिवशी ताप पुन्हा चढला. योगायोगाने त्या दिवशी उपकेंद्रावर डॉक्टर येणार होता. आई मुलीला कडेवर घेऊन निघाली आणि नाला ओलांडून तिथे पोचली. मुलीच्या गळ्यात काळा दोरा आणि कपाळावर राख होती.

उपकेंद्राच्या ओसरीवर पन्नासेक माणसं बसलेली. डॉक्टरने दोरा आणि राख पाहिली आणि तो भडकला. “तीन दिवस काय करत होता? आधी त्या पुजाऱ्याकडे जायचं आणि मरायला टेकलं की इकडे आणायचं!” तो सगळ्यांदेखत ओरडला. आईला शब्द कळले नाहीत, आवाज कळला. ती खाली मान घालून उभी राहिली.

तपासणी बरोबर झाली. मुलीचं बोट टोचून रक्ताचा एक थेंब तपासणीच्या पट्टीवर घेतला, वर द्रवाचे थेंब टाकले आणि पंधरा-वीस मिनिटं वाट पाहिली. पट्टीवर एक रेघ कायम उमटते. ती दिसली की पट्टी चांगली आहे एवढंच कळतं. दुसरी रेघ उमटली फाल्सिपॅरमच्या खुणेसमोर. औषधही बरोबर निवडलं. मलेरियाच्या गोळ्यांची पाकिटं वयाप्रमाणे रंगांची असतात. एक ते चार वर्षांच्या मुलांचं पिवळं. त्यात तीन दिवस रोज घ्यायची आर्टेसुनेटची गोळी असते, पहिल्या दिवशी तिच्या जोडीला सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन. दुसऱ्या दिवशी एकदाच घ्यायचं प्रायमाक्विन वेगळं दिलं जातं.

चूक झाली ती यापुढे. पहिली मात्रा समोर बसवून द्यायची, मूल पंधरा मिनिटं नजरेखाली ठेवायचं आणि उलटी झालीच तर थोडं थांबून नवं पाकीट फोडून ती मात्रा पुन्हा द्यायची, असा नियम आहे. डॉक्टरपुढे रांग होती. त्याने पाकीट आईच्या हातात दिलं, भराभर मराठीत समजावलं आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

आईने घरी येऊन गोळ्या पाण्यात विरघळवून पाजल्या. दहाव्या मिनिटाला मुलीने सगळं ओकून टाकलं. पाकिटात दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाच्या गोळ्या होत्या, पण त्या आज द्यायच्या की उद्या हे तिला ठाऊक नव्हतं. परत जाऊन विचारावं तर तो माणूस पुन्हा ओरडेल. ती गेली नाही. रोग ओळखलेला, औषध घरात आणि पोटात मात्र काहीच नाही, अशी त्या मुलीची संध्याकाळ झाली. त्या ओसरीवरच्या ओरडण्याची एवढी किंमत पडली.

“हा ताप माझा नाही”

रात्री आठ-नऊच्या सुमारास पुजारी मुलीला पाहायला आला. त्याने तिच्या ओठांना पाणी लावलं. ते तिने गिळलं नाही. त्याने तिचे तळवे हातात घेतले. ते थंड होते आणि पोट भाजत होतं. त्याने टाळी वाजवली, तरी नजर वळली नाही. त्याने सूप बाजूला ठेवलं आणि गावातल्या आशाताईला बोलावणं धाडलं.

आशाताई आली तेव्हा तो माडियात म्हणाला, “हा ताप माझा नाही. त्या पोराला बोलाव.” पोरगा म्हणजे डॉक्टर.

आशाताई बापाला घेऊन टेकडीवर गेली, कारण फोनला रेंज तिथेच मिळते. तिने डॉक्टरला सांगितलं, “सर, सकाळची पोरगी. पाणी घेत नाही, सगळं ओकते, झोपल्यावानी झाली. पुजारी म्हणते, तुम्हाले बोलवा.” डॉक्टर आरोग्य केंद्रातून आर्टेसुनेटच्या इंजेक्शनच्या कुप्या, साखर मोजायचं यंत्र आणि सलाइन घेऊन मोटारसायकलवर निघाला. जाता जाता त्याने रुग्णवाहिकेला रस्त्यापर्यंत येऊन थांबायला सांगितलं. नाल्याशी गाडी ठेवून तो कमरेइतक्या पाण्यातून चालत गावात शिरला.

तो पोचला तेव्हा मुलीला झटका येत होता. पुजाऱ्याने तिला कुशीवर वळवून धरलं होतं आणि तोंडात काही घालू दिलं नव्हतं. घरातलं कुणी चमचा घालू पाहत होतं, कुणी कांदा हुंगवत होतं. त्याने सगळ्यांना मागे सारलं होतं. झटक्यात करायचं ते नेमकं एवढंच असतं. डॉक्टरने हे पाहिलं. दोन मिनिटांत झटका थांबला. बोटाच्या थेंबावर साखर ३८ भरली. ४० च्या खालची साखर लेकरासाठी थेट धोक्याची. शीर लवकर सापडेना, तेव्हा आशाताईने चमचाभर साखर पाण्याने ओलसर करून मुलीच्या जिभेखाली ठेवली. तिथून ती थेट रक्तात उतरते आणि गिळावी लागत नाही. जंगलात सलाइन लागेपर्यंत या उपायाने लेकराचा जीव तगतो. मग डॉक्टरने मांडीत आर्टेसुनेट दिलं. वीस किलोच्या आतल्या मुलाला किलोमागे ३ मिलिग्रॅम, म्हणजे या मुलीला ३३. तेवढ्यात शीर सापडली आणि सलाइनमधून साखर सुरू झाली.

आता तिला ग्रामीण रुग्णालयात न्यायचं होतं. इथे घर अडलं. आजारी लेकराला रात्री गावाची शीव आणि नाला ओलांडून न्यायचं नाही, असं घरच्यांचं म्हणणं होतं. वाटेत मेली तर तिचा जीव गावाबाहेर भटकेल, ही भीती त्यामागे होती. बाप खाट उचलू देईना. डॉक्टरचा आवाज चढायला लागला तसा आशाताईने त्याचा हात धरला. “सर, ओरडू नका. पुजाऱ्याले विचारा.”

डॉक्टरने पुजाऱ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याने त्याला हाक मारली. “दादा, हिला नेलं नाही तर ती जाईल. इंजेक्शन दिलंय, पण पुढचं माझ्याकडे इथे नाही. तुम्ही सांगा यांना.”

पुजारी मोडक्या मराठीत म्हणाला, “तुझी सुई झाली ना? आता मला थोडं दे.”

त्याने मूठभर तांदूळ घेतले, खाटेभोवती फिरवले, दारापासून शिवेपर्यंत वाटेवर टाकत गेला. शिवेवर उभं राहून देवाला वाट मागितली. पाच-सात मिनिटं गेली. एरवी ही मिनिटं डॉक्टरला वाया गेलेली वाटली असती. त्या वेळात औषध रक्तात पसरत होतं आणि त्याने साखर पुन्हा मोजली, ती ७० वर आली होती. पुजारी परत आला आणि बापाला म्हणाला, “वाट दिली. चल. मी पण येतो.” चार जणांनी खाट खांद्यावर घेतली. पुढे पुजारी मशाल धरून, मागे डॉक्टर सलाइनची बाटली उंच धरून. नाला ओलांडून ते रस्त्याला लागले तिथे रुग्णवाहिका उभी होती.

रुग्णालयात बारा तासांनी आणि चोवीस तासांनी इंजेक्शनची पुढची मात्रा गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीने डोळे उघडून पाणी मागितलं. गिळता यायला लागल्यावर गोळ्यांचा पूर्ण तीन दिवसांचा क्रम पुन्हा पहिल्यापासून दिला. इंजेक्शनने बरं वाटलं म्हणून तिथेच थांबलं तर उरलेसुरले परजीवी पुन्हा वाढतात. आठवड्याने मुलगी घरी आली.

दोन याद्या

त्यानंतर एका संध्याकाळी डॉक्टर त्या गावी गेला आणि रात्री गोटुलात मुक्काम केला. पाहुण्याला गावात झोपायची जागा तीच. आशाताई दुभाषी म्हणून बसली. डॉक्टरने पुजाऱ्याला एकच गोष्ट विचारली. त्या रात्री तुम्ही सूप बाजूला ठेवलंत, ते काय पाहून?

पुजाऱ्याने बोटं मोजत सांगितलं. लेकरू पाणी किंवा अंगावरचं दूध घेईना झालं तर. पोटात काहीच टिकेना तर. अंग वाकडं झालं तर. हाक मारल्यावर डोळा वळेना तर. अशी पोरं त्याने मरताना पाहिली होती आणि ती त्याला नावानिशी आठवत होती. मग त्याने पाचवी खूण सांगितली, लघवी काळ्या चहासारखी झाली तर.

डॉक्टरने खिशातून आजारी बालकांच्या तपासणीचा सरकारी तक्ता काढला. त्यात धोक्याच्या चार सर्वसाधारण खुणा दिलेल्या असतात: पिता न येणं, प्यालेलं सगळं ओकणं, झटके, गुंगी किंवा बेशुद्धी. पहिल्या चार तर त्याच होत्या. पाचवीही खरीच. तांबड्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटल्या की त्यांचा रंग लघवीत उतरतो. गंभीर मलेरियात असं होतं. एका जन्मजात दोषात प्रायमाक्विन घेतल्यावरही होऊ शकतं. दोन्ही वेळी मूल ताबडतोब रुग्णालयात हवं.

पुजाऱ्याचं ज्ञान डोळ्यांचं आणि सोबतीचं होतं, आणि ते खरं होतं. पण त्याच्या पाचही खुणा शेवटच्या टप्प्यातल्या होत्या. तिथवर पोचलेल्या मुलांतली काही उपचार मिळूनही जातात. डॉक्टरच्या पट्टीला पहिल्याच दिवशी, मूल हिंडतंफिरतं असतानाही, दिसत होतं. डॉक्टरने हे चुकांची यादी न वाचता सांगितलं. त्याने त्या दुसऱ्या दिवसाच्या उताराची गोष्ट सांगितली. ताप उतरतो, लेकरू खेळतं आणि आत किडा वाढत असतो. पुजारी बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, उतार पडून पुन्हा चढलेल्या तापातच त्याची जास्त पोरं गेली होती.

मग त्याने विचारलं, “माझा काढा खोटा?” डॉक्टरने खरं तेच सांगितलं. भुईनिंबाने हा किडा मरतो असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून त्याच्या भरवशावर थांबायचं नाही. पण आपण देतो ती गोळीही मुळात पाल्यातूनच आली आहे. चीनमध्ये आर्टेमिसिया नावाची एक वनस्पती तापावर शेकडो वर्षं वापरात होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तू योयो या संशोधिकेने जुन्या वैद्यकग्रंथातली कृती वाचली. त्यात पाला उकळायला सांगितला नव्हता, पाण्यात भिजवून पिळून रस प्यायला सांगितलं होतं. उष्णतेने गुण जात असावा हे तिने ओळखलं, कमी तापमानाला अर्क काढला, आधी प्राण्यांवर आणि मग माणसांवर तपासला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं आणि तिला २०१५ साली नोबेल मिळालं. पाल्याला मान मिळाला तो तपासणीतून उतरल्यावर, कारण त्याच शोधात तपासलेले इतर कितीतरी पाले निरुपयोगी ठरले होते.

गावाने ठरवलेला क्रम

त्या रात्री तीन गोष्टी ठरल्या.

पहिली, कुणालाही ताप आला की आधी आशाताई बोट टोचेल. पट्टीची रेघ उमटायला जी पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्यात पुजारी आपली मांडामांड करेल. देव करायला कुणी अडवणार नाही, पण तपासणी त्याच्या आधी. रेघ आली तर पहिली गोळी पुजाऱ्यासमोर पोटात जाईल. रेघ नाही आली म्हणजे धोका टळला असंही नाही. खोकला असेल तर आशाताई छाती उघडी करून पूर्ण एक मिनिट श्वास मोजेल. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका.

दुसरी, पुजारी काही गोष्टी सोडेल. गुंगीतल्या लेकराच्या तोंडात काढा घालायचा नाही, तो श्वासनलिकेत जातो. तान्ह्या बाळाला काढा नाहीच. तोंडासमोर धूर नाही. अंगाला चटका नाही. डॉक्टरही एक गोष्ट सोडेल. दोरा बांधून आलेल्या आईवर तो ओरडणार नाही आणि दोरा कापणार नाही.

तिसरी गोष्ट पुजाऱ्याने सुचवली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला की घरचे उरलेल्या गोळ्या ठेवून देतात, ही डॉक्टरची तक्रार होती. पुजारी म्हणाला, मी पोराच्या मनगटाला तीन गाठींचा दोरा बांधीन. रोज गोळी पोटात गेल्यावर मीच एक गाठ सोडीन. गाठ राहिली तर देवाचं काम अर्धं राहिलं. घरी ठेवलेलं पाकीट विसरलं जातं, मनगटावरची गाठ आणि ती सोडायला येणारा माणूस विसरला जात नाही.

एवढं बोलणं झाल्यावर पुजाऱ्याने आणखी एक सांगितलं. शेतावर निजणाऱ्या दुसऱ्या दोन घरांतली पोरं त्या सकाळपासून तापली होती. ही खबर कुठल्याच नोंदवहीत नव्हती. सकाळी दोघांची बोटं टोचली, दोघांच्या पट्टीवर रेघ आली आणि दोघंही खेळत्या वयात, खेळत असतानाच, गोळ्यांवर बरी झाली. त्यांना खाटेवरून न्यावं लागलं नाही. मच्छरदाण्या खुंटीवरून निघून शेतावरच्या झोपड्यांत गेल्या.

दोन आठवड्यांनी एक अडचण आली. पहिल्या मुलीला सर्दीचा ताप आला, आशाताईने पट्टी लावली आणि रेघ पुन्हा उमटली. पुजाऱ्याचा विश्वास डळमळला, तुझी गोळी लागू पडली नाही म्हणाला. डॉक्टरने समजावलं, की ही पट्टी परजीवीचं एक प्रथिन ओळखते, आणि परजीवी मेल्यावरही ते रक्तात काही आठवडे राहतं. अशा वेळी काचपट्टीवर रक्त घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागतं. काचपट्टीत काही निघालं नाही आणि दोन दिवसांत सर्दी गेली. विश्वास टिकला, कारण डॉक्टरने आपल्या साधनाची मर्यादा लपवली नाही.

जिल्ह्याने आधीच दाखवलेली वाट

ही गोष्ट रचलेली असली तरी तिच्यामागचा विचार गडचिरोलीत नवा नाही. १९७३ साली डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशाला गेले, तेव्हा सुरुवातीला त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे. माणसं हळूहळू आली, ती समोर बरे झालेले रुग्ण पाहून. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दवाखाना कसा हवा हे आदिवासींनाच विचारलं. म्हणून तो झोपड्यांच्या रूपात उभा राहिला आणि त्याला दंतेश्वरी देवीचं नाव मिळालं. याच संस्थेने गावातल्या माणसांना, सुईणींनासुद्धा, न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर औषध द्यायला शिकवलं. त्याने बालमृत्यू कमी झाल्याचा अभ्यास १९९० साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आला. अक्षर न येणाऱ्या सुईणीला श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं साधन तयार केलं गेलं. तिला आकडे येत नाहीत म्हणून तिला बाजूला केलं नाही.

याची दुसरी बाजूही डोळ्यांआड करून चालणार नाही. मेळघाटात कोरकू समाजात बाळाचं पोट फुगलं की त्यावर तापलेल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डंबा’ नावाची रीत आहे. त्याने बाळ भाजतं, जखमा चिघळतात आणि पोट फुगण्यामागचा खरा आजार तसाच राहतो. ते देणाऱ्या भूमकाला समजून घेता येईल, चटक्याला मान देता येणार नाही. तिथे आरोग्य खात्याने रुग्ण दवाखान्यात आणणाऱ्या भूमकांना मानधन देण्याचा मार्गही धरला. पैशाने पावलं दवाखान्याकडे वळतात. पण आणलेल्या रुग्णाच्या आईला आणि भूमकाला दारात कशी वागणूक मिळते, यावर दुसऱ्या वेळची पावलं ठरतात.

बॉण्डवर जाणाऱ्या डॉक्टरला एवढंच सांगावंसं वाटतं. गावात पोचल्यावर पहिल्या आठवड्यात पुजाऱ्याच्या घरी जा, त्याला बसवून विचारा की आतापर्यंत कुठली पोरं गेली आणि कशाने. तुम्हाला ऐकून कळेल की गावात ताप कुठे आणि कधी येतो. मग त्याच्यासमोर एक पट्टी लावून दाखवा.

आणि तुम्हा-आम्हा सगळ्यांसाठी, गाव कुठलंही असो: मलेरियाच्या भागात राहत असाल किंवा नुकतेच तिकडून आला असाल, तर मुलाच्या तापाची रक्ततपासणी चोवीस तासांच्या आत करून घ्या, मधे ताप उतरला तरीही. मूल पिईनासं झालं, सगळं ओकू लागलं, झटका आला, हाकेला डोळा वळेना किंवा लघवी काळी झाली, तर सकाळची वाट पाहू नका. देवाला हात जोडा, पण रुग्णालयाच्या वाटेवर चालता चालता.